रोजची चिठ्ठी

आठवीत गेल्यावर तुमच्यापैकी अनेक जण राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला बसतात. ही परीक्षा उर्दू माध्यमातूनही देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी अशी चार वर्षे, दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. ज्या घरात वह्यापुस्तकांच्या खर्चाचा विचार करावा लागतो, तिथे ही रक्कम लहान नाही.

या परीक्षेचे वेळापत्रक बहुतेक मुले चुकीचे बनवतात, असे माझे मत आहे. ती मोठ्या कागदावर तारखा मांडतात आणि प्रत्येक तारखेपुढे एक धडा लिहितात. एकही दिवस मोकळा ठेवत नाहीत. माझ्या वर्गातील एका मुलीने असेच केले होते. विसाव्या दिवसानंतर तिला ताप आला आणि चार दिवस गेले. बरी झाल्यावर तिने पाच दिवसांचे धडे एका रात्रीत वाचायला घेतले. ते संपले नाहीत. दुसऱ्या दिवशी ओझे आणखी वाढले. तिसऱ्या दिवशी तिने कागद घडी करून पेटीत ठेवून दिला. मुलगी हुशार होती. चूक तिच्या वेळापत्रकाची होती.

मग वेळापत्रक कसे करावे? समजा, परीक्षेला दहा आठवडे आहेत. शेवटचे दोन आठवडे फक्त सराव प्रश्नपत्रिकांसाठी ठेवा. उरले आठ आठवडे. त्यांतले आठ रविवार मोकळे सोडा. आता अभ्यासाचे 48 दिवस हाती राहिले. हे दिवस पुस्तकाच्या जाडीप्रमाणे नव्हे, तर गुणांप्रमाणे वाटा. शालेय क्षमता चाचणीत विज्ञानाला 35, समाजशास्त्राला 35 आणि गणिताला 20 गुण असतात. म्हणून विज्ञानाला 18 दिवस, समाजशास्त्राला 18 आणि गणिताला 12 दिवस द्या. गणिताला थोडे जास्त दिले, कारण ते वाचून येत नाही, सोडवून येते.

आता 48 लहान चिठ्ठ्या करा. त्यांवर तारीख लिहू नका, फक्त क्रमांक घाला. प्रत्येक चिठ्ठीवर तीनच ओळी असाव्यात. पहिल्या ओळीत आजचा नवा धडा. दुसऱ्या ओळीत उजळणी. तिसऱ्या ओळीत बौद्धिक क्षमता चाचणीचे वीस प्रश्न, वीस मिनिटांत. परीक्षेत 90 प्रश्नांना 90 मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. ती सवय रोजच लागली पाहिजे.

दुसरी ओळ मुले नेहमी गाळतात. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून 1885 मध्ये दाखवले की पाठ केलेले आपण सुरुवातीला फार वेगाने विसरतो. म्हणून प्रत्येक धडा एका दिवसाने, तीन दिवसांनी आणि सात दिवसांनी परत आला पाहिजे. नवव्या चिठ्ठीवर उजळणीसाठी 8, 6 आणि 2 हे क्रमांक येतील. उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे. पुस्तक बंद करा, आठवेल ते पाच मुद्दे कागदावर लिहा, मग पुस्तक उघडून ताडून पाहा. एका धड्याला दहा मिनिटे पुरतात.

चिठ्ठी रोज एकाच जागी लावा. पाण्याच्या माठाजवळ लावली तर येता-जाता दिसेल. संध्याकाळचा चहा झाला की ती काढून अभ्यासाला बसायचे, असे ठरवा. अम्मीलाही सांगून ठेवा, चहाचा कप उचलताना "आजची चिठ्ठी?" एवढे त्यांनी विचारले तरी पुरे.

आता त्या मुलीचा ताप पुन्हा आठवा. अशा चिठ्ठ्या असत्या तर बरी झाल्यावर तिने सरळ एकविसावी चिठ्ठी लावली असती. वीस चिठ्ठ्यांपर्यंत तीन रविवार गेले, पाच उरले. त्यांतले चार वापरून ती पुन्हा वेळेवर आली असती. एका दिवशी दोन चिठ्ठ्या घेण्याची गरजच पडली नसती. ज्या आठवड्यात काही बुडाले नाही, त्या रविवारी कच्चे राहिलेले धडे पाहा. मात्र उरलेल्या चिठ्ठ्या उरलेल्या दिवसांपेक्षा, रविवार धरूनही, जास्त झाल्या, तर कमी गुणांचा एखादा धडा सोडून द्या. उजळणी सोडू नका.

चिठ्ठी आठवण देते, शिकवत नाही, हेही लक्षात ठेवा. सातव्या दिवसाच्या उजळणीतही कागद कोराच राहिला, तर तो धडा तुम्हाला समजलेलाच नाही. तो चौथ्यांदा पाठ करू नका. चिठ्ठीवर खूण करा आणि दुसऱ्या दिवशी ती घेऊन आपल्या शिक्षकांकडे जा.