गाठ लहान, पण यकृत किती शिल्लक?

"गाठ अवघी अडीच सेंटीमीटरची आहे, मग ती कापून का काढत नाहीत?" यकृताच्या कर्करोगाचे निदान झाले की घरातील कर्ती माणसे हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तो रास्तही आहे. इतर बऱ्याच अवयवांत लहान गाठ काढून टाकणे हाच सरळ मार्ग असतो. यकृताची गोष्ट मात्र निराळी आहे. येथील कर्करोग बहुधा निरोगी यकृतात उद्भवत नाही. कावीळ ब किंवा क, मद्य, अथवा मधुमेह व स्थूलतेबरोबर येणारी यकृतातील चरबी यांमुळे वर्षानुवर्षे झिजून घट्ट झालेल्या, म्हणजे सिऱ्होसिस झालेल्या यकृतात तो उगवतो. त्यामुळे रुग्णाला एकाच वेळी दोन आजार असतात, आणि पहिल्यावरचा उपचार दुसऱ्याला सोसवेल का, हे आधी पाहावे लागते.

वाचकहो, अशा घरांत घडते तसे एक उदाहरण घेऊ. एकोणसत्तर वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ. वीस वर्षांचा मधुमेह, हृदयाची बायपास झालेली. सिऱ्होसिस असल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होत असे. एका तपासणीत यकृताच्या उजव्या भागात, बरीच खोलवर, 2.4 सेंटीमीटरची गाठ दिसली. सीटी स्कॅनमध्ये रंगद्रव्य सोडताच ती आधी उजळली आणि नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा फिकी पडली. सिऱ्होसिसच्या रुग्णात ही खूण इतकी बोलकी असते की बहुधा तुकडा काढून तपासावा लागत नाही. घरच्यांना 'बायोप्सी का नाही' अशी शंका येते, म्हणून हे सांगितले.

यानंतर मोजायचे ते यकृताचे बळ. त्यासाठी चाइल्ड-प्यू नावाची जुनी, साधी गुणपद्धती आहे. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची आयएनआर चाचणी, पोटातील पाणी आणि यकृतामुळे येणारी गुंगी, या पाचांना प्रत्येकी एक ते तीन गुण देतात. येथे कमी गुण म्हणजे अधिक चांगले यकृत. बेरीज 5 किंवा 6 आली तर वर्ग ए, 7 ते 9 आली तर बी, आणि त्यापुढे सी. आपल्या गृहस्थांचे बिलिरुबिन 1.4, आयएनआर 1.2, पोटात पाणी नाही, शुद्ध उत्तम. अल्ब्युमिन तेवढे 3.3, म्हणजे साडेतीनच्या खाली, म्हणून त्याचे दोन गुण. बेरीज सहा, वर्ग ए. मुलाला वाटले, झाले, शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा झाला.

परंतु त्याच कागदावर आणखी एक आकडा होता. प्लेटलेट्स 78,000. प्लीहा वाढलेली होती आणि एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या होत्या. याचा अर्थ आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतील दाब वाढला आहे. हा दाब चाइल्ड-प्यूच्या बेरजेत कोठेच उमटत नाही. म्हणून केवळ 'ए' या अक्षरावर भिस्त ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निरोगी यकृत कापल्यावर पुन्हा वाढते, आणि साधारण पाव भाग उरला तरी माणूस तरतो. सिऱ्होसिसचे यकृत तसे वाढत नाही. तेथे चाळीस टक्क्यांच्या आसपास तरी मागे राहावे लागते. गाठ कडेला असती तर भोवतालचा छोटा तुकडा काढून भागले असते. ती खोल असल्याने उजव्या भागाचा मोठा हिस्सा गेला असता. आणि वाढलेल्या दाबामुळे शस्त्रक्रियेनंतर पोटात पाणी भरणे, कावीळ चढत जाणे आणि उरलेले यकृत निकामी होणे, हा धोका खरा होता. प्रत्यारोपणाने गाठ व सिऱ्होसिस दोन्ही जातात. पण वय आणि हृदय पाहता तो विचार मागे पडला.

म्हणून ॲब्लेशन ठरले. भूल देऊन, सोनोग्राफीत पाहत, त्वचेतून एक सुई गाठीत नेतात आणि तिच्या टोकाशी उष्णता निर्माण करून गाठ जागीच जाळतात. तीन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीला हा उपचार उत्तम लागू पडतो, आणि निरोगी भाग फार थोडा खर्ची पडतो. गाठीसोबत चहूबाजूंनी निदान अर्धा सेंटीमीटरची कड जळावी लागते. येथे एक अडचण होती: शेजारून मोठी शीर जात होती. वाहते रक्त उष्णता वाहून नेते आणि शिरेलगतच्या पेशी वाचू शकतात. रेडिओ लहरींपेक्षा मायक्रोवेव्हच्या सुईला हा अडथळा कमी जाणवतो, म्हणून ती निवडली. दोन दिवस उजवा खांदा दुखला. दुखणे पडद्याजवळच्या उष्णतेचे होते. महिन्याने काढलेल्या सीटीत जळालेला भाग मूळ गाठीपेक्षा मोठा दिसला. घरचे घाबरले, पण तो तसाच दिसायला हवा. पाहायचे ते एवढेच, की त्यात किंवा त्याच्या कडेला कोठे उजळणारा ठिपका उरला आहे का. तो नव्हता.

चौदा महिन्यांनी दुसरीच गाठ निघाली, 2.2 सेंटीमीटरची. "पुन्हा तीच सुई लावा," असे मुलगा म्हणाला. पण ही गाठ मुख्य पित्तनलिकांच्या संगमाजवळ होती. तेथे उष्णता दिली तर नलिका आकसून कायमची कावीळ होऊ शकते. आणि यकृतही पूर्वीचे राहिले नव्हते. बिलिरुबिन 2.6, अल्ब्युमिन 2.9, पोटात थोडे पाणी. बेरीज आठ, वर्ग बी. चौकशी केल्यावर कळले की गुडघेदुखीसाठी ते महिनाभर दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत होते. अशा गोळ्या मूत्रपिंडावर ताण देतात आणि अंगात मीठ-पाणी साठवतात. सिऱ्होसिसमध्ये त्या टाळायच्या असतात.

उरला तो केमोएम्बोलायझेशनचा, म्हणजे टेसचा मार्ग. यकृताला बहुतांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते, तर कर्करोगाची गाठ जवळजवळ सर्वस्वी यकृताच्या रोहिणीवर जगते. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी त्या रोहिणीच्या फांदीपर्यंत नेऊन औषध सोडतात आणि मग ती फांदी बंद करतात. पोर्टल शीर आधीच गुठळीने बंद असेल तर मात्र रोहिणीही बंद केल्याने यकृताचा तो भाग उपाशी मरतो. म्हणून आधी शीर मोकळी असल्याची खात्री केली.

तरीही डॉक्टरांनी लगेच हात घातला नाही. पोटात पाणी असताना टेस केल्यास गाठ मरते आणि यकृतही कोसळते, असे होऊ शकते. गोळ्या बंद करून, मीठ कमी करून, लघवी वाढवणारी औषधे देऊन सहा आठवडे थांबले. गाठ वाढेल ही घरच्यांची भीती समजण्यासारखी होती, पण इतक्या अवधीत अशी गाठ सहसा फार बदलत नाही. यकृत मात्र सावरू शकते. पाणी जवळजवळ ओसरले, बिलिरुबिन 1.8 वर आले. मग फक्त गाठीला जाणारी बारीक फांदी गाठून टेस केले.

पुढचे चार दिवस ताप, मळमळ, उजव्या कुशीत दुखणे होते. हे अपेक्षितच असते. सूनबाईंना सांगून ठेवले होते की ताप आठवडा ओलांडला किंवा थंडी वाजून आला, डोळे पिवळे होऊ लागले, पोट फुगले, लघवी कमी झाली किंवा बाबा दिवसा झोपाळू होऊन असंबद्ध बोलू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. तसे काही घडले नाही. दोन आठवड्यांनी बिलिरुबिन 2.1 होते, सहाव्या आठवड्यात पुन्हा 1.8. त्या वेळच्या सीटीत गाठीचा बहुतेक भाग निष्प्राण दिसला. एका कडेला छोटा ठिपका उजळत होता. तो पुन्हा बंद करायचा की नाही, हे पुढच्या महिन्यातील अल्ब्युमिन आणि पोटातील पाणी पाहून ठरणार आहे.