चौक नव्हे, तिठा अडवतो
स्तंभ : गणिताची गल्ली

कचरागाडीचा चालक असो, टपाल वाटणारा असो की पहाटे रस्ते झाडणारी टोळी, सगळ्यांची इच्छा एकच असते. वस्तीतली प्रत्येक गल्ली व्हावी, एकही दोनदा होऊ नये आणि जिथून निघालो तिथेच परत यावं. भिलाईतल्या कोहक्यासारख्या दाट वस्तीत ही फेरी बहुधा सवयीने ठरते. जुना चालक नव्याला दाखवतो, नवा तीच पुढे चालवतो. अशी फेरी मुळात शक्य आहे का, हे मात्र एकही फेरी न मारता कळतं. त्यासाठी प्रत्येक नाक्यावर किती वाटा येऊन मिळतात एवढंच मोजावं लागतं.

कारण साधं आहे. गाडी एखाद्या नाक्यावर एका वाटेने येते आणि दुसऱ्या वाटेने निघते, म्हणजे दर वेळी तिथल्या दोन वाटा संपतात. सुरुवातीच्या नाक्यावरही पहिली निघण्याची वाट आणि शेवटची परतण्याची वाट मिळून जोडी जमते. म्हणून प्रत्येक नाक्यावरच्या वाटा सम असायलाच हव्यात. चार वाटांचा चौक कधीच आड येत नाही, दोन वाटांचं वळणही नाही. आड येतो तो तिठा. तिथे तिसरी वाट जोडीविना उरते. बंद गल्लीच्या टोकाशी तर एकच वाट असते. आत गेल्यावर त्याच वाटेने बाहेर यावं लागतं, त्यामुळे ती गल्ली दोनदा होणारच.

1735 मध्ये गणितज्ञ ऑयलरने पीटर्सबर्गच्या अकादमीसमोर हेच मांडलं. क्योनिग्सबर्ग शहरात नदीमुळे जमिनीचे चार भाग झाले होते आणि त्यांना जोडणारे सात पूल होते. एका भागाला पाच पूल लागत होते, उरलेल्या तिघांना तीन-तीन. चारही आकडे विषम, त्यामुळे सातही पूल एकदाच ओलांडणारी फेरी अशक्य होती. फेरी उलटसुलट आखून पाहण्यात वेळ घालवायचं कारणच उरलं नाही.

पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग फारसा सांगितला जात नाही आणि माझ्या मते खरं काम तोच करतो. सगळे आकडे सम असले की फेरी निघतेच, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. ते गणितज्ञ कार्ल हिअरहोल्त्सरने केलं. लेख छापून येण्याआधीच तो वारला. सहकाऱ्यांनी त्याचं म्हणणं आठवणीतून लिहून काढलं आणि ते 1873 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या रीतीतून फेरी प्रत्यक्ष आखून मिळते.

एक छोटी वसाहत कागदावर काढू. आडवे रस्ते तीन, उभे रस्ते चार, मिळून नाके बारा. दोन शेजारच्या नाक्यांमधला तुकडा म्हणजे एक गल्ली, अशा गल्ल्या 17 होतात. प्रत्येक 100 मीटर धरली तर एकूण 1.7 किलोमीटर. चार कोपऱ्यांवर दोन-दोन वाटा आहेत, मधल्या दोन चौकांत चार-चार, आणि उरलेले सहा नाके तिठे. सगळे आकडे मिळवा : 8, 8 आणि 18, म्हणजे 34. ही बेरीज गल्ल्यांच्या बरोबर दुप्पट आहे, कारण प्रत्येक गल्ली दोन टोकांना मोजली जाते. बेरीज दुप्पट आली नाही तर नकाशात किंवा मोजण्यात चूक झाली आहे. याच कारणाने विषम नाके नेहमी जोडीनेच येतात. पाच किंवा सात तिठे मोजून आले आणि दुसरा विषम नाका नसेल, तर पुन्हा मोजा.

सहा तिठे आहेत, म्हणजे 1.7 किलोमीटरमध्ये फेरी होणार नाही. मग कोणत्या गल्ल्या दोनदा घ्यायच्या? 1960 मध्ये चिनी गणितज्ञ ग्वान मेइगू यांनी हाच प्रश्न मांडला. म्हणून त्याला चिनी पोस्टमनचा प्रश्न म्हणतात. उत्तर असं : एकूण जादा अंतर सर्वांत कमी होईल अशा तिठ्यांच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीमधल्या सर्वांत जवळच्या रस्त्यावरून एकदा जास्त जा. मधल्या नाक्यांवर दोन वाटा वाढतात, त्यामुळे त्यांची समता बिघडत नाही. टोकांचे तिठे मात्र सम होतात. आपल्या नकाशात वरच्या रस्त्यावरचे दोन तिठे शेजारी आहेत, खालचे दोनही शेजारी. त्यांना एक-एक गल्ली पुरते. डावा आणि उजवा तिठा मधल्या रस्त्याने तीन गल्ल्यांवर आहेत. म्हणजे जादा गल्ल्या पाच, फेरी 2.2 किलोमीटर. जोड्या कशाही लावा, पाचपेक्षा कमीत भागत नाही.

आता हिअरहोल्त्सरची रीत. एका नाक्यावरून निघा आणि न वापरलेल्या गल्ल्यांनी चालत राहा. जादा गल्ल्या धरून आता सगळे नाके सम असल्यामुळे तुम्ही अडकाल ते फक्त सुरुवातीच्याच नाक्यावर. गल्ल्या उरल्या असतील तर वाटेतल्या ज्या नाक्याला त्या लागतात तिथून दुसरा वळसा काढा आणि तो पहिल्यात गुंफा. आपल्या वसाहतीत डाव्या तिठ्यावरून निघून वरच्या कडेने उजव्या तिठ्याला या आणि मधल्या रस्त्याने परत फिरा : आठ गल्ल्या. मग खालच्या कडेने उजवीकडे जा आणि मधल्याच रस्त्याने परत या : आणखी आठ. उरल्या सहा. पहिल्या वळशात वरच्या डावीकडच्या तिठ्याला पोचलात की शेजारच्या तिठ्याकडे जा, तिथून उभ्या रस्त्याने थेट खाली, खालच्या रस्त्याने एक गल्ली डावीकडे, मग दुसऱ्या उभ्या रस्त्याने वर पहिल्या तिठ्यावर. तिथून राहिलेला वळसा पुढे चालू. आठ, आठ आणि सहा मिळून बावीस, आणि गाडीला कुठेही जागच्या जागी उलटं वळावं लागत नाही. भरलेल्या गाडीसाठी अरुंद गल्लीत ही मोठीच सोय आहे.

दोन ठिकाणी माणसं फसतात. पहिलं, सगळे नाके सम असले तरी वस्ती सलग हवी. भिलाईत कोहका रेल्वेच्या एका बाजूला, पोलाद कारखान्याच्या टाउनशिपचे सेक्टर दुसऱ्या बाजूला. समजा एकाच गाडीला दोन्हीकडची फेरी दिली आणि रूळ ओलांडायला एकच रस्ता घेतला. बंद फेरीत रूळ जितक्या वेळा ओलांडले तितक्याच वेळा परतावं लागतं, त्यामुळे तो एकमेव रस्ता दोनदा होणारच. दुसरं, रुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंची घरं वेगवेगळी घ्यायची असतील तर प्रत्येक गल्लीच्या दोन गल्ल्या होतात. मग प्रत्येक नाक्यावरचा आकडा दुप्पट, म्हणजे सम होतो आणि तिठ्यांचा प्रश्नच राहत नाही. आपल्या वसाहतीत ती फेरी 3.4 किलोमीटरची. म्हणून आधी चालकाला विचारा की तो गल्लीतून एकदा जाताना दोन्ही बाजू घेतो की एकच. त्याआधी आखलेली कुठलीही फेरी कागदावरच राहते.

वॉर्डाच्या फेऱ्या ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. नकाशावर तिठे आणि बंद गल्ल्यांची टोकं लाल पेनाने गोल करा, जवळच्या जोड्या लावा आणि आजची फेरी त्या बेरजेशी ताडून बघा. एका वसाहतीला एक संध्याकाळ पुरेल.

— कोहकाकर