बंद पडलेला स्टार्टअप बायोमधून खोडू नका

पुण्यात इंजिनिअरिंग किंवा बीबीए झालेली बरीच मुलं वर्ष-दीड वर्ष स्वतःचा स्टार्टअप चालवून बघतात. तो बंद पडतो, नोकरी शोधायची वेळ येते आणि घरातून पहिला सल्ला येतो, "ते नको लिहूस, फ्रीलान्सिंग करत होतो असं टाक." सल्ला मायेपोटीच असतो. पण तो पाळू नये, असं माझं मत आहे.

एक कारण अगदी व्यवहाराचं. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड म्हणून नोंदवलेली असेल तर ती लपत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की कंपनी कधी स्थापन झाली, आज चालू आहे की `Strike Off` झाली आहे आणि संचालक कोण, हे दिसतं. शिवाय धंदा थांबला म्हणून कंपनी आपोआप बंद होत नाही. रीतसर अर्ज करून तिचं नाव नोंदवहीतून काढून घ्यावं लागतं. सलग तीन आर्थिक वर्षं विवरणपत्रं भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. "आम्ही कंपनी रीतसर बंद केली" हे वाक्य म्हणूनच लाजेचं नाही. ज्याला हे काम माहीत आहे, त्याला त्यामागची खटपट कळते.

आता लिहायचं कसं? समजा, तिघा मित्रांनी कर्वेनगर-कोथरूडमधल्या मेस आणि बाहेरगावचे विद्यार्थी यांना जोडणारं ॲप काढलं. 14 महिने चाललं, 11 मेस आणि 240 विद्यार्थी जोडले गेले, मग बंद पडलं. बायोमध्ये हमखास काय येतं? "संस्थापक, फूडटेक स्टार्टअप. अपयशातून खूप काही शिकलो." यात खोटं काही नाही, पण खरंही काही नाही. काय शिकला?

त्याऐवजी हे वाचा: "जून 2022 ते जुलै 2023, मेसचे डबे ॲपवरून देणारी सेवा, तिघांपैकी एक संस्थापक. 11 मेस, 240 ग्राहक. पहिल्या महिन्यानंतर विद्यार्थी मेसवाल्यांना थेट फोन करू लागले आणि आमचं कमिशन बुडालं. सुट्ट्यांत मागणी जवळपास थांबायची. सर्वांची देणी देऊन सेवा बंद केली." वाचणाऱ्याला लगेच कळतं, की या मुलाला मध्यस्थाच्या धंद्यातली मुख्य अडचण समजली आहे. एकदा ओळख झाली की दोन्ही बाजूंना मध्यस्थ नकोसा होतो. पुढच्या वेळी तो आधी विचारेल, "दुसऱ्या महिन्यातही माझी गरज कुणाला असेल?" पुढचा निर्णय असा बदलत असेल तर ते शिकणं. "बाजार तयार नव्हता", "फंडिंग मिळालं नाही" ही उत्तरं मात्र सहसा दुसऱ्यावर ढकललेली असतात. मुलाला घरीच विचारून बघा, "पैसे मिळाले असते तर विद्यार्थ्यांनी मेसवाल्याला फोन करणं थांबवलं असतं का?"

इथे 'देणी' हा शब्द मी मुद्दाम घातला. टायनीआउल आठवतंय का? जेवण मागवायचं हे मुंबईचं ॲप, पुण्यातही त्यांचं कार्यालय होतं. नोव्हेंबर 2015 मध्ये कंपनीने इतर काही शहरांबरोबर पुण्याचंही कार्यालय बंद करायचं ठरवलं, तेव्हा इथल्या चिडलेल्या कर्मचाऱ्यांनी पैसे हातात मिळेपर्यंत एका सहसंस्थापकाला कार्यालयातच अडवून ठेवलं. पुढे 2016 मध्ये कंपनी रोडरनरमध्ये विलीन होऊन 'रनर' झाली आणि 2017 मध्ये रनर झोमॅटोने घेतली. आता कागदावर "आमची कंपनी विलीन झाली, नंतर झोमॅटोने घेतली" असं लिहिता येतं, आणि ते खरंच आहे. पण पुण्यातल्या ज्यांची नोकरी गेली त्यांचा इतिहास त्या वाक्यात कुठे आहे? (आजकाल 'एक्झिट' हा शब्दही असाच सगळ्यावर पांघरतात.) स्टार्टअप कसा संपला हे लिहिताना कुणाचे पगार राहिले होते का, याचं उत्तर तयार हवं. राहिले असतील तर बायो सजवण्याआधी ते चुकते करावेत.

मर्यादाही आहेत. भागीदाराशी भांडण झालं असेल तर बायोत त्याचं नाव काढू नये; "संस्थापकांत मतभेद झाले" एवढं पुरे. ग्राहकांची किंवा करारातली गुपितं लिहू नयेत. आणि बायो म्हणजे आत्मचरित्र नव्हे, तीन-चार ओळी बास. बाकीचं मुलाखतीत विचारतीलच. काही ठिकाणी ही ओळ वाचून मुलाला बोलावणारही नाहीत, हे मान्य. पण तारखांमध्ये 14 महिन्यांची मोकळी जागा दिसली तरी प्रश्न येतोच, आणि 'फ्रीलान्सिंग' म्हटलं की पुढचा प्रश्न असतो, "कुणासाठी केलंत? एखादं काम दाखवा."