मधली दोन वर्षं

पन्हाळ्यावरची आमची शेजारीण परवा मुलीला घेऊन आली. बी.एस्सी.च्या अर्जात प्रश्न होता : बारावीनंतरची दोन वर्षं काय केलं? पोरीनं लिहिलेलं, ‘दुर्दैवानं वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकला.’

म्हटलं, “‘दुर्दैवानं’ खोड. आधी सालं घाल.”

मग असं झालं : ‘२०२३ व २०२४ मध्ये नीट पुन्हा दिली. ७२०पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. त्या अभ्यासात वनस्पतींची गोडी लागली. गडावरच्या झाडांची वही केली. म्हणून वनस्पतिशास्त्र.’

क्लासला बोल नाही, माफीही नाही. खंडाचं प्रतिज्ञापत्र मागितलं, तर त्यातही हीच सालं हवीत. फरक पडला की शंका येते.

पोरगी म्हणाली, “काकू, वहीपण जोडू?” चार पानं जोडली.