काळे, फुटके आणि एक स्वल्पविराम

व्हिएतनाममधून मागवावयाच्या रोबस्टा कॉफीचे गुणवत्तापत्रक एका परिचित व्यापाऱ्यांनी आम्हांकडून मराठीत उतरवून घेतले. कागद जेमतेम सहा ओळींचा. माल पहिल्या प्रतीचा, चाळणी क्रमांक १६, तागाची पोती.

त्या भाषेत दशांशाच्या जागी स्वल्पविराम आणि हजाराच्या जागी टिंब देण्याची रीत आहे. म्हणून ‘१२,५’ म्हणजे साडेबारा, आणि वजन ‘१९.२००’ किलो म्हणजे एकोणीस हजार दोनशे. टिंब तसेच ठेवले, तर कंटेनरमधील साठ किलोंची ३२० पोती एकोणीस किलोंत बसतात! ही चूक कोणाच्याही ध्यानात येईल. न येणारी चूक पुढच्या ओळीत आहे.

‘हात देन, वो: तोइ दा २%’. ‘हात’ म्हणजे दाणा (आपल्या हाताशी त्याचा काही संबंध नाही), ‘देन’ काळा, ‘वो’ फुटका आणि ‘तोइ दा’ म्हणजे अधिकात अधिक. येथील स्वल्पविराम ‘आणि’चे काम करतो, काळे व फुटके मिळून दोन टक्के. अनुवादकाने नीटनेटकेपणासाठी ‘काळे दाणे २%, फुटके दाणे २%’ अशा दोन ओळी केल्या, की सवलत दुप्पट झाली. एका कंटेनरमागे ३८४ किलोंऐवजी ७६८ किलो सदोष दाणे ग्राहकाने निमूट स्वीकारावयाचे. सहा पोत्यांहून अधिकच. काळा दाणा चव बिघडवितो, फुटका भाजताना इतरांआधी करपतो. म्हणून आम्ही ‘दोन्ही मिळून’ हे मुळात नसलेले शब्द घातले. अशी भर आम्ही इमानाविरुद्ध मानीत नाही.

चाळणीची ओळ सांगते, ‘चाळणी १६ वर, किमान ९०%’. आपल्या घरी चाळलेले पीठ म्हणजे चाळणीखाली पडलेले. येथे नेमके उलट. वर राहील तो माल. तेव्हा ‘चाळलेला’ हा शब्द टाळून ‘चाळणीवर राहणारा’ असे लिहिणे भाग पडले. क्रमांकही छिद्रांची संख्या दाखवीत नाही. इंचाचे चौसष्ट भाग केले, तर त्यांतील सोळा भागांएवढे, म्हणजे पाव इंचाचे, ते छिद्र. क्रमांक वाढला, की दाणा मोठा.

राहिला साडेबारा टक्क्यांचा प्रश्न. कोशातील ‘आर्द्रता’ हवेलाही लागते. समुद्रप्रवासात कंटेनरमधील हवा दमट होते, तिच्याशी हा आकडा जोडला जाऊ नये, म्हणून आम्ही ‘दाण्यातील ओलावा’ असे लिहिले. मर्यादेपलीकडे तो गेला, तर बुरशीचे भय आहेच. शिवाय पाण्याला कॉफीचा भाव पडतो. एक टक्का पाणी अधिक म्हणजे त्या कंटेनरमागे सुमारे १९२ किलो, तीन पोती पाणीच. व्यापारी महाशयांनी सारा कागद वाचून त्या एका ओळीखाली लाल रेघ ओढली आणि माल उतरताच नमुना तपासण्याची अट करारात घालावयाचे ठरविले.