मोंढ्यातला एकच आकडा



पर्युषणातलं लेखन संपलं, दिवाळीची झाडलोट अजून लांब आहे, म्हणून आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते. आमच्या घरी कापसाची खरेदी आहे. लग्न होऊन परभणीला आले तेव्हापासून दिवाळीनंतरचे तीन महिने अंगणात कापसाच्या गाड्या, ओट्यावर चहाची किटली आणि बैठकीत भावाची घासाघीस, हे सगळं मी पाहत आले. गेली काही वर्षं वहीही मीच लिहिते. वही लिहिणाऱ्याला एक गोष्ट दिसते जी बोली लावणाऱ्याला दिसत नाही, तिच्याबद्दल हे लिहिणं आहे.

जुनी माणसं सांगतात, मोंढ्यात पूर्वी रुमालाखाली सौदे होत. त्याला हत्ता पद्धत म्हणायचे. दोघांचे हात रुमालाखाली, बोटांच्या खुणेनं भाव सांगायचा, बघणाऱ्याला काही कळायचं नाही. पुढे उघड लिलाव आले. पण मला वाटतं रुमाल गेला तरी रुमालाची सवय राहिली. बोटांनी फक्त आकडा सांगता येतो. माल कसा वेचला, पैसे कधी हवेत, गाडी कधी आली तर बरं, यातलं काहीच बोटांनी सांगता येत नाही. आणि बोलणं एकाच आकड्याचं असलं की तुझे पन्नास वाढले म्हणजे माझे पन्नास गेले, दुसरं काही होऊच शकत नाही.

काही वर्षांपूर्वी सेलूकडचे एक काका चाळीस क्विंटल कापूस घेऊन आले. आमचे हे म्हणाले सहा हजार नऊशे, काका म्हणाले सात हजार दोनशे. चहा झाला, गाडीत हात घालून झाला, काका एकदा उठून दारापर्यंत गेले, यांनी त्यांना परत बोलावलं. शेवटी सात हजाराला तुटलं. जाताना काका मला म्हणाले, "वहिनी, चहा ग्वाड होता, भाव न्हाई." आणि आत येऊन हे म्हणाले, "आज महाग पडलं." दोघांनाही आपण हरलो असं वाटत होतं. अशा वेळी आपण म्हणतो, दोघंही नाराज म्हणजे सौदा बरोबर मध्यावर झाला. मीही तेव्हा तेच म्हटलं होतं. आता म्हणणार नाही.

झालं असं की गाडी रिकामी करताना मी उभी होते. वरचा कापूस पांढराशुभ्र, लांब धाग्याचा, पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा. मध्ये मात्र कवडी, म्हणजे किडकी, पिवळट, अर्धवट उमललेली बोंडं, आणि पाचोळा. मी काकांना सहज विचारलं, हे वेगळं का नाही ठेवलं? ते म्हणाले, "समदं एकाच भावात जातंय, मग येगळं कशाला ठिवायचं?" रात्री यांना विचारलं, वेगळा आणला असता तर? हे म्हणाले, "तर चांगल्याला नक्की जास्त दिला असता. पण वेगळा आणतंय कोण!"

दोघांचंही म्हणणं खरं होतं. आणि दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नव्हतं.

मी वही काढून हिशेब मांडला. तुमच्यासाठी आकडे थोडे गोल करते. त्या चाळीस क्विंटलमध्ये साधारण अठ्ठावीस क्विंटल चांगला माल होता आणि बारा कवडीचा. जिनिंगवाला आम्हाला मिसळलेल्या मालाला ७,१०० देत होता. चांगल्याला ७,७०० आणि कवडीला ६,७०० देत होता. आता बघा. मिसळून चाळीस क्विंटलचे झाले २,८४,०००. वेगवेगळे विकले असते तर चांगल्याचे २,१५,६०० आणि कवडीचे ८०,४००, मिळून २,९६,०००. तोच कापूस, तेच शेत, तीच गाडी, आणि बारा हजारांचा फरक. ते बारा हजार काकांनाही मिळाले नाहीत आणि आम्हालाही नाहीत. भावाची ओढाताण दोघांनी पाऊण तास केली, पण या बारा हजारांवर एक शब्द झाला नाही.

असं का होतं? पांढऱ्या आणि पिवळ्याची सरासरी काढून भाव ठरत नाही. कापूस एकदा मिसळून जिनमध्ये गेला की रुई वेगळी करता येत नाही. थोडी पिवळी रुई गाठीत आली की सगळ्या गाठीची प्रत उतरते, म्हणून खरेदीदार मिसळलेल्या ढिगाला वाईटाच्या बाजूनंच मोजतो. नुकसान माल मिसळताना झालेलं असतं. नंतर भांडून ते भरून निघत नाही.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी याला नावं दिलेली आहेत. रिचर्ड वॉल्टन आणि रॉबर्ट मॅकर्सी यांनी १९६५ साली कामगार-मालक वाटाघाटींवर पुस्तक लिहिलं, त्यात वाटपाची बोलणी आणि जोडणीची बोलणी असे दोन प्रकार वेगळे केले. पहिल्यात भाकरी ठरलेली असते, तुकडा कोणाचा मोठा एवढंच उरतं. दुसऱ्यात आधी भाकरी किती मोठी होऊ शकते ते बघतात. पुढे १९९० मध्ये ली थॉम्पसन आणि रीड हॅस्टी यांनी लोकांना समोरासमोर बसवून पाहिलं. बहुतेक जण बसतानाच धरून चालले होते की समोरच्याला नेमकं आपल्या उलट हवं आहे. मला त्यातलं हे जास्त लागलं, की जिथे दोघांना एकच गोष्ट हवी असते तिथेही काही जण भांडून तिसऱ्याच गोष्टीवर येतात. आमच्या मोंढ्यात ती गोष्ट म्हणजे कोरडा कापूस.

ओलीचंच घ्या. सरकारी खरेदीत आठ टक्के ओल धरून पूर्ण भाव असतो, बारा टक्क्यांपर्यंत कपात करून घेतात, त्यावर परत पाठवतात. बारा टक्के ओलीच्या शंभर किलोत कोरडा माल अठ्ठ्याऐंशी किलो. तोच आठ टक्क्यांवर आणला तर वजन भरेल साधारण साडेपंचाण्णव. म्हणजे रास्त कपात साडेचार किलोच्या आत-बाहेर. पण शेतकऱ्याला माहीत असतं की व्यापारी हातानं दाबून बघणार आणि अंदाजानं सहा किलो कापणार. म्हणून तो सकाळी दवातच वेचून आणतो. व्यापाऱ्याला माहीत असतं की हा दवातला आणणार, म्हणून तो सात कापतो. दोघंही एकमेकांच्या लबाडीची भरपाई करत बसतात आणि मधल्या मध्ये ओला ढीग गोदामात तापतो, रुई पिवळी पडते. जिनमध्ये ओली सरकी फुटून तिचे तुकडे रुईत येतात. पाणी कोणालाच नको होतं! ओल मोजायचं यंत्र ओट्यावर ठेवून दोघांनी एकत्र आकडा वाचला की ही सगळी लपवाछपवी संपते. आम्ही ते आणलं तेव्हा पहिल्या महिन्यात यांची कुरकुर होती, कारण कधीकधी कपात कमी करावी लागायची.

आता माझं मत. यात जास्त दोष व्यापाऱ्याचा आहे, आणि हे मी व्यापाऱ्याच्या घरात बसून लिहिते आहे. सरसकट एक भाव सांगणारे आम्ही. दोन भाव आहेत हे शेतकऱ्याला कळलंच नाही तर तो दोन ढीग कशाला करेल? आधी बोलायला हवं ते ज्याला जिनिंगचा दर माहीत आहे त्यानं.

पुढच्या हंगामाच्या आधी, पोळ्याच्या सुमारास, यांनी काकांना बोलावून सरळ सांगितलं. चांगला वेगळा आणलात तर सातशे-आठशेचा फरक मिळेल. मी जुनेच आकडे घेऊन दाखवलं. चांगल्याला ७,५०० आणि कवडीला ६,६०० दिले तर काकांचे होतात २,८९,२००, म्हणजे ९,२०० जास्त. आमचे सुटतात २,८०० जास्त. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "आन् येचणारणींचं?"

तो मुद्दा माझ्या वहीत नव्हता. कापूस वेचणाऱ्या बाया किलोवर वेचतात. बोंड चांगलं की किडकं बघायचं, दोन ओट्या करायच्या, पाचोळा झटकायचा, दव वाळेपर्यंत थांबायचं, म्हणजे दिवसाचे किलो कमी. त्यांना त्याच दरात हे सांगितलं तर त्या हो म्हणतील आणि मिसळूनच आणतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. काकांनी चांगल्या मालाला किलोमागे रुपया जास्त द्यायचं ठरवलं. अठ्ठावीस क्विंटलचे २,८०० रुपये. त्यांचे राहिले ६,४००. मग यांच्याकडे बघून म्हणाले, यातला निम्मा रुपया तुमचा. आणि इथून परत घासाघीस सुरू झाली.

हे मी मुद्दाम सांगते, कारण भाकरी मोठी केली की वाटपाचं भांडण संपतं असं पुष्कळदा सांगतात. संत्र्याची गोष्ट ऐकली असेल, एका बहिणीला रस हवा आणि दुसरीला साल, दोघी सुखी. मला ती गोष्ट कधीच पटली नाही, आमच्या घरी दोघींनाही रसच हवा असतो. बारा हजार निर्माण झाल्यावर ते कुणाचे किती, हे ओढूनच ठरतं. शिवाय सगळंच उघड बोलून चालत नाही. काकांना उद्याच पैसे हवे असतील तर ते आधी सांगितल्यावर यांनी भाव पाडला नसता, असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. म्हणून मी काकांना एकदा म्हटलं, तुम्हाला काय जास्त महत्त्वाचं आहे ते सांगा, कितीपर्यंत खाली याल ते सांगू नका. माल कसा आहे, कधी आणता येईल, पैसे एकदम की दोनदा, हे सांगितल्यानं नुकसान होत नाही. शेवटचा आकडा मनातच ठेवावा. हे ऐकून आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की विचारू नका.

आणि हे सगळीकडे लागूही पडत नाही. गाडीभर माल दारात आला, सगळा मिसळलेला, माणूस अनोळखी, परत येणार नाही, तर तिथे एक आकडाच उरतो. जोडणीची बोलणी वेचणीच्या आधी होतात. अंगणात कापूस ओतल्यावर त्याला उशीर झालेला असतो.

मागच्या कार्तिकात काका आले ते दोन गाड्या घेऊन. एकीवर जुन्या सुती साड्यांचं आच्छादन, कारण खताच्या पोत्यांचा प्लास्टिक धागा रुईत जातो हे त्यांच्या सुनेनं कुठेतरी ऐकलं होतं. यंत्रावर ओल आली नऊ. मग वेचणीचा तो रुपया, कवडीचा भाव आणि गाडीभाडं यावरून दोघं जे बसले ते बसलेच. सूर्य मावळायला आला, माझं पान वाढून ठेवलेलं, आणि ओट्यावरून आवाज येतच होता, "पन्नास तरी वाढवा शेटजी." मी जेवून घेतलं.