विशेषणांचा क्रम : यादी की तत्त्व?

इंग्रजी वर्णनलेखनाच्या स्वाध्यायासाठी मत, आकारमान, वय, रंग, द्रव्य ही यादी आपण पाठ करता. माझ्या मते तिच्यामागील तत्त्व जाणणे अधिक उपयुक्त आहे : जो गुण वस्तूच्या ठायी अधिक स्थिर, त्याचे विशेषण नामाच्या अधिक जवळ.

'लव्हली ओल्ड ब्राउन वुडन बॉक्स' हे उदाहरण पाहा. पेटीचे लाकूड बदलत नाही, म्हणून 'वुडन' नामाला लागून येते. रंग पुन्हा देता येतो, म्हणून 'ब्राउन' त्याआधी. जुनेपणा इतर वस्तूंच्या तुलनेत ठरतो. 'लव्हली' हे तर केवळ बोलणाऱ्याचे मत. ते सर्वांत दूर.

मराठीत 'सुंदर जुनी लाकडी पेटी' आणि 'जुनी सुंदर लाकडी पेटी' ही दोन्ही रूपे चालतात. त्यामुळे मराठीतून विचार करणारा विद्यार्थी सहज 'ओल्ड लव्हली' लिहून जातो आणि तेथेच चुकतो. मात्र 'लाकडी सुंदर जुनी पेटी' आपल्याही कानाला खटकते; म्हणजे हे तत्त्व आपल्याला अगदीच परके नाही.

'बिग बॅड वुल्फ' यासारखे रूढ अपवाद आहेत. तेथे आकारमान मताच्या आधी येते. ते तसेच लक्षात ठेवावेत. एरवी शंका आल्यास स्वतःला विचारावे : हा गुण वस्तूत आहे, की माझ्या मनात? मनातला असेल, तर तो आधी लिहावा.